शांत पिल्लू कोणतं?

नमस्कार श्रोतेहो. मी जनावरांचा डॉक्टर. पिल्लू पसंत करायला जाताना लोक मला सोबत नेतात आणि वाटेतच सांगून ठेवतात, "डॉक्टर, घरात लहान पोर आहे. शांत पिल्लू बघून द्या." आज त्या शांतपणाबद्दलच बोलतो.

मागच्या हिवाळ्यात एका मित्राबरोबर सांगोल्याजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. तिथली कारवानी जातीची शिकारी कुत्री व्यायली होती, सहा पिल्लं, वय दीड महिना. आम्ही अंगणात पाय ठेवला तसं एक पिल्लू धावत आलं आणि मित्राची पँट धरून ओढू लागलं. तिघं आपसात लोळत होती, एक बाजेखाली जाऊन बसलं. आणि सहावं गोणपाटावर पडून आमच्याकडे नुसतं बघत राहिलं. मित्राने ते उचललं. हूं नाही की चूं नाही. "हेच," तो म्हणाला.

मी त्याचा ओठ वर करून हिरडी बघितली. कारवानीच्या हिरडीवर काळे डाग असतात, म्हणून जिथे गुलाबी भाग आहे तिथे बघायचं. बोटाने दाबलं की तो पांढरा पडतो आणि साधारण दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. इथे न दाबताच हिरडी फिकी होती. पोट मडक्यासारखं फुगलेलं, वरच्या फासळ्या मात्र हाताला लागत होत्या. कानामागे गोचिडं. हे पिल्लू शांत नव्हतं, त्याच्या अंगात रक्तच नव्हतं. काही जंत आईच्या पोटातूनच येतात. रक्त पिणारे हुकवर्म दुधातून येतात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, वजन करून, जंताचं औषध द्यावं लागतं. मालकाला विचारलं तर म्हणाला, "अजून लहान आहेत की!"

बाजेखालचं पिल्लूही शांत म्हणून खपलं असतं. त्यासाठी मी एक साधी गोष्ट करतो. पिल्लांपासून पाच-सहा हातांवर स्टीलची वाटी फरशीवर पाडतो. सगळीच दचकतात, दचकायलाच हवं. एखाद्याचा कानही हलला नाही, तर त्याला ऐकू येतं का ते वेगळं तपासावं. बघायचं ते पुढे काय होतं ते. पँटवालं पिल्लू लगेच वाटी हुंगायला गेलं. लोळणाऱ्यांपैकी एक काळं पिल्लू आधी मागे सरलं, थांबलं, मग मान लांब करून हळूहळू पुढे आलं. बाजेखालचं आणखी आत गेलं, आणि आम्ही चहा पिऊन उठेपर्यंत बाहेर आलं नाही.

पण एका भेटीवर माझा विश्वास नाही. दूध पिऊन पेंगलेलं पिल्लू आणि नुकतं झोपून उठलेलं पिल्लू, दोघांचा स्वभाव सारखा दिसत नाही. पिल्लाला उताणं धरून 'दबंग की नरम' ठरवणारेही भेटतात. त्या वयातल्या असल्या परीक्षेवरून मोठेपणीचा कुत्रा फारसा कळत नाही. त्यापेक्षा मी आईकडे जास्त बघतो.

पहिले दोन-तीन आठवडे आई परक्यावर गुरगुरली तर तिला दोष देऊ नये. दीड-दोन महिन्यांनंतर मात्र तीच पिल्लांना कंटाळलेली असते, दात लागले की उठून जाते. तेव्हा मालक शेजारी असताना ती पाहुण्याकडे कशी येते ते पाहा. शेपूट पोटात घालून भिंतीला चिकटत असेल, तर तो भित्रेपणा थोडा रक्तातून आणि थोडा तिचं बघून पिल्लांत उतरतो. आमची ही कुत्री आली, माझा हात हुंगला आणि सावलीत जाऊन पसरली. तेवढ्यात पँटवाल्या पिल्लाने तिच्या कानाला जोरात दात लावला. तिने गुरकावून तोंडाने त्याला खाली दाबलं, लगेच सोडलंही. चावा किती जोरात घ्यायचा, हे पिल्लू असंच आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू उचलू नये. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे त्याआधी ते विकताही येत नाही. आणि आई दाखवायलाच कुणी तयार नसेल, "ती गावाला असते" म्हणत असेल, तर मी चपला घालतो.

दहा दिवसांनी परत गेलो, मुद्दाम सकाळी, खाणं घालायच्या आधी. पँटवालं गाढ झोपलेलं होतं. काळं पिल्लू आपणहून आलं. हातात घेतल्यावर थोडं वळवळलं, मग सैल पडलं आणि माझं बोट चाटू लागलं. डोळे, नाक, शेपटीखालची जागा स्वच्छ, बेंबीपाशी गाठ नाही, हिरडी गुलाबी. पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाची पहिली लस झालेली होती. पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालू ठेवायचे आणि तोवर त्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडायचं नाही, हे मित्राला बजावलं. आठ आठवडे भरल्यावर त्याने ते घरी नेलं.

आणि ते गोणपाटावरचं? त्याला जंताचं औषध दिलं, गोचिडं काढली, रक्तवाढीचं औषध चालू केलं. महिन्याने मालकाचा फोन आला, "डॉक्टर, ह्याने माझी दुसरी चप्पल खाल्ली. काही शांत करायचं औषध आहे का?"