आरसा नको, खुर्ची

नमस्कार श्रोतेहो.

ज्याच्याशी किंवा जिच्याशी तुमचं जुळलंय, त्यांच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायला जायचं आहे. कपाट उघडं आहे, पलंगावर कपड्यांचा ढीग पडलाय आणि काय घालावं ते सुचत नाही. माझं काम शिवणाचं. पंचवीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवते, उसवते, ढिले करते, आत घेते. अशा भेटीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येणारी मुलंमुली मी पुष्कळ पाहिली, आणि सगळ्यांना मी एकच सांगते. आरशासमोर ठरवू नका, खुर्चीत बसून ठरवा.

आरसा आपल्याला उभं असतानाचं रूप दाखवतो. आणि त्या घरी तुम्ही उभे किती वेळ असता? दारातली पाच मिनिटं. पुढचे दोन तास तुम्ही बसलेले असता, पुढे झुकता, काहीतरी हातात घेता, उठता, परत बसता. समोरची माणसं तुम्हाला बसलेलंच पाहणार असतात. म्हणून पुन्हा सांगते, खुर्चीत बसून ठरवा.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. भेट रविवारी सकाळी होती आणि हा शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे आला. हातात नवं जाकीट, नवी पँट, नवा शर्ट. म्हणाला, "मावशी, फक्त बाह्या अर्धा इंच कमी करून दे, बाकी सगळं झकास बसलंय." मी म्हटलं, घालून दाखव. उभा राहिला, आणि खरंच छान दिसत होता. मी त्याला गोल फिरायला सांगितलं तर जाकिटाच्या मागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याची फुली तशीच होती. ती फुली म्हणजे कच्चा टाका असतो, श्रोतेहो. नेताना-आणताना चीर उघडून कापड मुडपू नये म्हणून घातलेला. घालण्याआधी तो कापायचा असतो. बाहीवरची कंपनीच्या नावाची पट्टीही तशीच काढायची असते. पुष्कळांना वाटतं ती शोभेची आहे.

मग मी त्याला आमच्या बुटक्या सोफ्यावर बसवलं. म्हटलं, वीस मिनिटं बस, तोवर मी हातातलं काम संपवते.

दहा मिनिटांतच त्याची चुळबूळ सुरू झाली. माणूस बसला की सीटचा घेर साधारण दीड-दोन इंच वाढतो, कमरेचा इंचभर. शिवणारा तेवढी ढिलाई धरूनच कापड बेततो. याची पँट अंगाला चिकटलेली, कापडात ताणही नव्हता. जांघेपासून मांडीकडे आडव्या चुण्या पसरल्या. पायाची मोहरी वर चढली, आखूड मोजे आणि वर चार बोटं उघडी नडगी. जाकिटाचं बटण बसतानाही लावलेलंच होतं, त्यामुळे पोटावर इकडून तिकडे घड्या. मी त्याला समोरच्या टेबलावरची कात्री उचलून दे म्हटलं. त्यानं हात पुढे केला आणि पाठीत कापड असं आवळलं की तो अर्ध्यावरच थांबला.

तो म्हणाला, "मावशी, ढिली करता येईल ना पँट?" मी ती उलटी केली. मागच्या मधल्या शिलाईत माया किती आहे ते पाहिलं. माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. पूर्वी शिवून घेतलेल्या पँटीत मागच्या बाजूला प्रत्येक अंगाला इंच-दीड इंच माया सहज असायची, माणूस जाड झाला की पँट उसवून वाढवायची. याच्या पँटीत पाव इंच होती. पाव इंचात काही होत नाही. मला याचा फार राग येतो, खरंच सांगते. कापड वाचवायला माया कापून टाकतात आणि मग दोन वर्षांत चांगली पँट टाकून द्यावी लागते. विकत घेताना पँट उलटी करून मागची शिलाई बघत जा. माया असेल तरच घ्या.

मी त्याला घरी पाठवलं आणि म्हटलं, दोन वर्षं वापरलेली तुझी गडद निळी पँट आण, आणि तुला बरे वाटतात ते दोन जुने शर्ट आण. तो हिरमुसला. म्हणाला, "जुने कपडे घालून गेलो तर त्यांना वाटेल मला कदर नाही." त्याचं चुकत नव्हतं. समोरच्याचा मान ठेवावा असं वाटणं चांगलंच आहे. पण मान नवेपणात दिसत नाही, कपडा किती राखलाय त्यात दिसतो. जुनी पँट राखलेली दिसते की नाही, हे पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. मोहरीची कड, गुडघा, कॉलरची घडी, बटणं. समोर बसलेल्याचं लक्ष तिथेच जातं.

त्या पँटीची मोहरी मागून टाचेखाली घासून विरली होती. मी तुरपाई उसवली, विरलेली कड आत घेतली, लांबी पाव इंच कमी करून पुन्हा तुरपली. गुडघ्यावर आणि सीटवर चकाकी आली होती. गडद कापडावर थेट गरम इस्त्री फिरवली की अशी चकाकी येते. कापड उलटं करायचं, वर ओलसर सुती फडकं टाकायचं आणि इस्त्री न घासता दाबायची, उचलायची, दाबायची. चकाकी पूर्ण गेली नाही, पण पुष्कळ मंदावली. एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, तेही बदललं.

शर्टांची निवड त्याच्या अंगावरच झाली. मी त्याला दोन्ही शर्ट घालून हात डोक्यावर न्यायला सांगितले. पहिल्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, खोल होता. लोकांना वाटतं मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा. होतं उलटंच. मुंढा खोल असला की हात वर करताना अख्खा शर्ट वर ओढला जातो आणि पँटीतून बाहेर येतो. दुसऱ्याचा मुंढा काखेच्या जवळ होता. हात वर गेला तरी शर्ट जागचा हलला नाही. तोच ठरला, फिका, बारीक चौकटीचा. जाकीट घेतलंच नाही. वर लांब मोजे आणि पुसलेले बूट.

मग पुन्हा त्याच सोफ्यावर वीस मिनिटं. या वेळी तो गप्पा मारत बसला आणि उठायचं विसरला.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. सांगत होता, तासाभरानं तिच्या आईनं त्याला कपाटावरचा खोका उतरवून द्यायला सांगितला, उंच आहेस म्हणून. त्यानं दोन्ही हात वर करून खोका उतरवला. त्यात जुने फोटो होते. तिचे वडील फोटो लावायला खाली जमिनीवर बसले आणि हाही त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला, तब्बल दीड तास. "मावशी, त्या पँटीत मला तसं बसताच आलं नसतं," म्हणाला. मला तर तो खोकाच सारखा डोळ्यांपुढे येत होता. तो खोल मुंढ्याचा शर्ट असता तर पोट उघडं पडलं असतं, आणि त्या बाईंसमोर त्याचा एक हात शर्ट खाली ओढण्यात गेला असता.

आता तुमच्यासाठी थोडं. सगळ्यात आधी आपल्या माणसाला विचारा, पण "काय घालू" असं विचारू नका. त्याचं उत्तर "काहीही चालेल" असंच येतं. "तुमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा आई काय घालते, बाबा काय घालतात, एक फोटो दाखव," असं विचारा. मग त्या फोटोपेक्षा एक पायरी वरचं घाला, दोन नाही. घरात सगळे साध्या शर्टात असताना तुम्ही पूर्ण सुटात गेलात, तर त्यांना त्यांच्याच घरात अवघडल्यासारखं होतं.

कापड निवडताना मुठीची परीक्षा घ्या. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळा आणि सोडा. लिनन कुरकुरीत घड्या धरून ठेवतं, कारण त्याचा धागा एकदा दुमडला की उसळी घेत नाही. सुतीचंही बरंचसं तसंच. लोकर मिसळलेलं कापड उसळी घेतं, रात्रभर टांगून ठेवलं की चुण्या बऱ्याच जातात. लांबचा प्रवास करून जाणार असाल तर लिनन नको.

घाम येतोच, त्यात मन घाबरलेलं. राखाडी आणि फिक्या निळ्यावर घामाचा डाग लगेच ओला दिसतो. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर कमी दिसतो, बारीक नक्षीत जवळजवळ लपतो. आणि अत्तराचं सांगते, श्रोतेहो, अगदी थोडं लावा किंवा लावूच नका. बंद खोलीत दुसऱ्याच्या नाकावर आपला वास लादणं मला अजिबात पटत नाही, ते लग्नात असो की गाडीत. वयस्कर माणसांचं डोकं दुखतं, आणि ती बिचारी सांगत नाहीत.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. गुडघ्यापर्यंतचा ड्रेस किंवा स्कर्ट बसल्यावर तीन-चार इंच वर जातो. आरशात गुडघ्यापर्यंत दिसला तर खुर्चीत तो मांडीवर असतो, आणि मग भेट संपेपर्यंत एक हात तो खाली ओढण्यात जातो. घेरदार असेल तर कमी चढतो, सरळ आणि तंग असेल तर जास्त. ओढणी किंवा दुपट्टा घेणार असाल तर घरीच खांद्यावर पिन लावून बघा, आणि पिन कापडातून न लावता आतल्या शिलाईतून घाला, म्हणजे भोक पडत नाही.

आणि हे सगळं आदल्या दिवशी, सकाळी नको. इस्त्री रात्री करा. इस्त्रीनंतर कपडा लगेच घातला तर त्यात ऊब आणि ओल असते, अंगावर बसल्या बसल्या नव्या चुण्या पडतात. रात्रभर हँगरवर राहू दे. पिशवीत सुईदोरा आणि एक जादा बटण टाका. माझा भाचा ते घेऊन गेला होता. त्याला स्वतःला लागलं नाही, पण फोटो लावताना तिच्या वडिलांच्या बाहीचं बटण तुटलं, आणि ते त्यानं तिथेच बसून लावून दिलं.

नमस्कार.