भंगारवाल्याची कानस

नमस्कार मंडळी. चिटणीसांनी मला २५ मिनिटं दिलीत. विषय पितळी नळ, झिंकचा म्हणजे जस्ताचा नळ आणि प्लास्टिकचा नळ. हा विषय मीच मागून घेतला, ते त्यांनी सांगितलं नाही. उभं आयुष्य धातूचा मुलामा चढवायच्या, म्हणजे प्लेटिंगच्या शॉपमध्ये गेलं, त्यामुळे कुणाच्याही घरी गेलो की मी आधी बेसिनचा नळ बघतो, मग माणसं. बायकोने बजावलंय, जेवायला बोलावलं तर हात घरूनच धुऊन निघा.

आधी माझीच फजिती सांगतो. लेकीच्या फ्लॅटसाठी मी हौसेने नळ आणला. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला, "बघा काका, चिकटत नाही, एकदम पितळ!" आणि मी, प्लेटिंगवाला, मान डोलावली. अहो, चुंबक झिंकला चिकटत नाही आणि प्लास्टिकलाही नाही. त्याने फक्त लोखंड कळतं. वजनाचंही तेच. जस्त पितळेपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने हलकं. थोडं जाड ओतलं की हाताला फरक लागत नाही.

दीड वर्षात नळाला मोहरीएवढे फोड आले. जावई म्हणाले, "बाबा, नळाला कांजिण्या झाल्या." एक फोड नखाने उचलला, तर खाली पांढरी भुकटी. तिथेच मी काय ते समजायला हवं होतं. पण आपणच आणलेला नळ, कबूल कोण करणार! एका पहाटे तो मानेतून मोडला. आट्यांचा तुकडा भिंतीतल्या एल्बोमध्येच अडकून बसला. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत हॉलमधली सतरंजी भिजून चिंब. तुकडा निघेना, म्हणून प्लंबरने टाइल फोडली. तसली टाइल आता मिळत नाही, हे लेक अजून दर दिवाळीला सांगते.

उरलेला नळ भंगारवाल्याकडे नेला. त्याने कानस काढली, एकदाच घासली, आत करडं निघालं. "काका, हे जस्त आहे. पितळेचा भाव नाही मिळणार." दोन सेकंदांत निकाल! दुकानात कानस चालवू देत नाहीत, पण नळ उलटा करून आत बघता येतं. जिथे प्लेटिंग पोचलेलं नसतं, तिथे पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्त.

हो, घड्याळ दिसलं मला. आता क्रोम का सुटतं ते सांगतो.

चकाकी क्रोमची असते, पण तो थर मायक्रॉनच्या पाव-अर्ध्याएवढा. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून बघा. राखण करतं ते त्याखालचं निकेल, चांगल्या नळावर ८-१० मायक्रॉन. निकेल महाग, म्हणून स्वस्त नळ निकेलच्या द्रावणाच्या टाकीतून लवकर बाहेर काढतात. पातळ थराला बारीक छिद्रं राहतात, वरच्या क्रोमला तर भेगा असतातच. त्यातून पाणी जस्तापर्यंत गेलं की निकेल आणि जस्ताची बॅटरी तयार होते. तिच्यात झिजतं ते जस्त. त्याच्या गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरच्या थराला खालून उचलतो. लेकीकडची पांढरी भुकटी ती हीच. थराखाली पितळ असलं तरी हे होतं, पण फार सावकाश.

त्यात निकेलची टाकी आम्लाची, ती जस्तच खाते. म्हणून जस्तावर आधी तांबं चढवावं लागतं. आणि तांब्याआधी स्वच्छता. कल्हईवाला आठवतो ना, आधी भांडं घासून, नवसागर मारून मगच कथील फिरवायचा. भांडं तेलकट राहिलं की कल्हई धरायची नाही. इथेही पॉलिशचं मेण आट्यांत राहिलं की थर बसतो, पण धरत नाही. तांबं-निकेल नीट दिलेली झिंकची मूठ वर्षानुवर्षं टिकते. पाण्याचा दाब झेलणारं अंग मात्र पितळेचंच घ्या.

प्लास्टिक एका वाक्यात. तिथे आम्लाने पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतात आणि थर त्यांना धरून राहतो. ते काम कच्चं असेल तर सालपट निघतं, भुकटी नाही. त्याची धार बोट कापते, सांभाळा. प्लास्टिक गंजत नाही, पण पान्ह्याने जास्त आवळलं की आटे जातात. गिझरच्या लाइनवर तर मी ते लावणारच नाही.

आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला बाथरूमचं अॅसिड नळावर ओतू नका. प्लेटिंग बिघडलेल्या मालावरचं क्रोम उतरवायला आम्ही शॉपमध्ये तेच अॅसिड वापरायचो.