तीस जणींचं वजन: रेकिंग आणि छाटणीचा खरा हिशेब

(कॅमेऱ्यासमोर)

नमस्कार. आज आपण एकच सर्व्हे घेऊन बसणार आहोत. तो मी रचलेला आहे, आकडे कल्पित आहेत, पण त्यावर केलेलं गणित अगदी खरं आहे. व्हिडिओ थांबवून कॅल्क्युलेटरवर ताडून बघा, जमलंच पाहिजे.

1000 जणांनी उत्तरं दिली. त्यात चाळिशीच्या आतले 660, पुरुष 640, शहरी 710. आता जनगणनेतून आपल्याला तीन गोष्टी पक्क्या माहीत आहेत असं धरू. चाळिशीच्या आतले आणि पुढचे निम्मे-निम्मे, स्त्रिया आणि पुरुष निम्मे-निम्मे, आणि भागाच्या बाबतीत शहरी 40 टक्के, ग्रामीण 60 टक्के. म्हणजे आपल्या नमुन्यात तरुण, शहरी पुरुषांची गर्दी झालीय. फोन उचलणारे तेच, काय करणार.

सरळ मार्ग असा होता: वय, लिंग आणि भाग मिळून आठ गट होतात, प्रत्येक गटाची खरी लोकसंख्या घ्यायची आणि नमुन्यातल्या संख्येने भागायचं. जो आकडा येतो ते त्या गटातल्या प्रत्येकाचं वजन, म्हणजे त्याचं उत्तर किती जणांचं म्हणून मोजायचं ते. पण त्यासाठी चाळिशीपुढच्या ग्रामीण स्त्रिया नेमक्या किती, असा तिन्हींचा एकत्र तक्ता लागतो. पुष्कळदा हाती असतात फक्त तीन सुट्या बेरजा. अशा वेळी रेकिंग: वजनं एकेका बेरजेशी पाळीपाळीने जुळवत जायची.

रेक म्हणजे दंताळं. वाफा सपाट करताना आधी दंताळं उभं फिरवता, मग आडवं. आडवं फिरवताना उभ्याने केलेलं थोडं विस्कटतं, म्हणून परत उभं. ही पद्धत डेमिंग आणि स्टीफन यांनी 1940 साली मांडली, अमेरिकेच्या जनगणनेच्या कामासाठी. डेमिंग म्हणजे तेच, पुढे जपानमध्ये गुणवत्ता नियंत्रणासाठी नावाजलेले.

(स्क्रीनवर: आठ गटांचा तक्ता)

चला, फिरवू. सुरुवातीला प्रत्येकाचं वजन 1. तुमच्या सर्व्हेत निवडीच्या संभाव्यतेवरून आलेली वजनं असतील तर 1 ऐवजी तिथून सुरू करा, हे विसरू नका.

पहिला फेरा, वय. चाळिशीच्या आतले 660 आहेत, हवेत 500. म्हणून त्या सगळ्यांची वजनं 500 भागिले 660 ने गुणायची, म्हणजे 0.76. पुढच्यांची 500 भागिले 340 ने, म्हणजे 1.47. वय जुळलं. मग लिंग. आता वजनासकट मोजलं तर पुरुष 642 भरतात, त्यांना 500 वर आणायचं आणि स्त्रियांना 358 वरून 500 वर न्यायचं. मग भाग. शहरी 712 वरून 400, ग्रामीण 288 वरून 600. हा धक्का मोठा आहे, कारण नमुना सगळ्यात जास्त इथेच कलंडलेला होता.

आणि आता मागे वळून बघा. स्त्रिया, ज्यांना आपण आत्ताच 500 वर आणलं होतं, त्या 471 वर घसरल्या. का? आपल्या नमुन्यातल्या ग्रामीण लोकांत पुरुषांचं प्रमाण जास्त होतं. ग्रामीण भाग फुगवला तसे पुरुषही फुगले. म्हणून दुसरा फेरा. दुसऱ्या फेऱ्यानंतर चूक हजारात एकाच्या आसपास उरते, तिसऱ्यानंतर ती दिसेनाशी होते. तिन्ही बेरजा जुळल्या.

तुमच्याकडे पन्नास फेऱ्यांनंतरही आकडे मागेपुढे हलत असतील तर जास्त फेरे लावू नका, लक्ष्याच्या, म्हणजे ज्यांच्याशी जुळवायचं त्या, बेरजा तपासा. बहुतेक वेळा वयाची बेरीज एका ठिकाणाहून आणि भागाची दुसरीकडून आणलेली असते, आणि एकीकडे एकूण 1000 तर दुसरीकडे 998. मग दंताळं जन्मभर फिरत राहील.

(जरा जवळून)

आता वजनं काय आली ते बघू. तरुण शहरी पुरुषाला 0.32. चाळिशीपुढच्या ग्रामीण स्त्रीला 4.45. म्हणजे एकीच्या उत्तराला त्या तरुणाच्या जवळपास चौदापट वजन. नमुन्यात अशा फक्त 30 जणी आहेत, आणि रेकिंगनंतर त्या 134 जणींच्या जागी उभ्या आहेत.

इथे एक गोष्ट नीट ऐका. हा 134 चा आकडा जनगणनेने दिलेला नाही. आपण फक्त कडेच्या तीन सुट्या बेरजा दिल्या, आतला वाटा रेकिंगने ठरवला. ठरवताना त्याने वय, लिंग आणि भाग यांचं आपसातलं नातं नमुन्यात जसं होतं तसंच ठेवलं. चाळिशीपुढच्या ग्रामीण स्त्रिया आपल्या फोनला विशेष कमी उत्तर देत असतील तर ती उणीव त्या 134 मध्ये अजून लपलेली असू शकते. बेरजा जुळल्या म्हणून आतलं सगळं जुळलं असं होत नाही.

आता किंमत मोजू. सूत्र संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांचं, आणि साधं आहे:

```
n_eff = (Σw)² / Σw²
```

सगळ्या वजनांच्या बेरजेचा वर्ग, भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज. आपल्याकडे वर 1000 चा वर्ग, खाली साधारण 1790. उत्तर 559. म्हणजे 1000 लोकांना विचारलं, पण अचूकता मात्र 559 जणांच्या सर्व्हेइतकी. निम्म्या-निम्म्या उत्तराच्या प्रश्नावर चुकीची मर्यादा, म्हणजे उत्तर दोन्ही बाजूंना किती चुकू शकतं ते, 3.1 टक्क्यांवरून 4.15 वर गेली.

आणि त्या 1790 पैकी 595 एकट्या त्या तीस जणींचे. नमुन्यात 3 टक्के, वजनात 13 टक्के, आणि वर्गांच्या बेरजेत तिसरा हिस्सा! हे दिसलं की हात शिवशिवतो: छाटा.

छाटू. कमाल वजन 3 ठेवू. कुणी सरासरीच्या पाचपट घेतात, कुणी मध्यकाच्या काही पट, कुणी वरचा एक टक्का कापतात. यातला कुठलाच आकडा पक्का नियम नाही. तीस जणींचं एकूण वजन 134 वरून 90 झालं. उरलेलं 44 इतरांना त्यांच्या वजनाच्या प्रमाणात वाटलं. n_eff थेट 630! छान वाटतं ना?

आता बेरजा बघा. स्त्रिया 47.5 टक्के, चाळिशीपुढचे 47.5, ग्रामीण 58. ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच मोडलं. मग परत रेकिंग केलं, तर त्या तीस जणी पुन्हा 3 च्या वर चढतात. परत छाटा, परत रेक करा. हे आलटून पालटून करत गेलं की शेवटी थांबतं: तीस जणी बरोबर 3 वर, आणि तिन्ही बेरजा जागेवर.

पण ते 44 गेलं कुठे? बाकीच्या ग्रामीण लोकांकडे आणि बाकीच्या स्त्रियांकडे, दुसरीकडे जायला जागाच नाही. तरुण ग्रामीण स्त्रीचं वजन 2.41 वरून 2.82 झालं, चाळिशीपुढच्या ग्रामीण पुरुषाचं 2.22 वरून 2.54. आणि n_eff? 575. होतं 559. एवढी कापाकापी करून सोळा माणसं कमावली. चुकीची मर्यादा 4.15 वरून 4.09.

त्या बदल्यात काय दिलं? समजा प्रश्न आहे, फोनवर बातम्या वाचता का. त्या तीस जणींत होकार 20 टक्के आणि बाकी सगळ्या गटांत 60 टक्के. छाटणीपूर्वी उत्तर येतं 54.7 टक्के, छाटणीनंतर 56.4. म्हणजे सहा शतांश टक्क्यांच्या अचूकतेसाठी उत्तर पावणेदोन टक्क्यांनी सरकवलं. आणि हे सरकणं कुठल्याही मर्यादेत छापलं जात नाही. माझ्या मते हा सौदा तोट्याचा.

मग छाटणी कधीच नको का? तसं नाही. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत लॉस एंजेलिस टाइम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचा एक पोल होता, सुमारे 3000 जणांचा. न्यूयॉर्क टाइम्सने त्या ऑक्टोबरमध्ये दाखवून दिलं की त्यातल्या एका तरुणाचं वजन सरासरीच्या 30 पट होतं, सगळ्यात हलक्याच्या 300 पट. 3000 मध्ये 30 म्हणजे एका माणसाकडे एकूण वजनाचा एक टक्का. तो ज्या आठवड्यात उत्तर देई आणि ज्या आठवड्यात देत नसे, त्यानुसार आलेख हलत असे. इथे तीस जणींचं सरासरी मत नाही, एकाच माणसाचा मूड आहे. हे छाटायलाच हवं होतं. त्याहून बरं म्हणजे मुळाशी जाणं: त्या पोलमध्ये 18 ते 21 वयाचे पुरुष असे बारीक गट लक्ष्य म्हणून दिलेले होते. गट मोठे केले असते तर इतकं वजन बहुधा तयारच झालं नसतं.

म्हणून वजनांच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा दिसला की आधी मी विचारतो, यामागे माणसं किती? 4.45 मागे तीस असतील तर मी सहसा हात लावत नाही. 12 मागे दोघंच असतील तर आधी गट एकत्र करतो, मग रेकिंग, आणि तरी उरलंच तर छाटणी.

आर वापरणाऱ्यांसाठी, `survey` पॅकेजमध्ये:

```r
d2 <- rake(d, list(~vay, ~ling, ~bhag),
           list(p_vay, p_ling, p_bhag))
d3 <- trimWeights(d2, upper = 3, strict = TRUE)
w  <- weights(d3)
sum(w)^2 / sum(w^2)
```

दोन खाचखळगे. एक, `trimWeights` उरलेलं वजन प्रमाणात नाही, सगळ्यांना सारखं वाटतं. म्हणून आपल्या सर्व्हेत तुम्हाला 630 ऐवजी 647 दिसेल, आणि बेरजा तरीही मोडलेल्याच असतील. दोन, `upper = 3` तेव्हाच खरं, जेव्हा लक्ष्याच्या बेरजा 1000 वर आणलेल्या असतात. खरी कोटींतली लोकसंख्या दिली असेल तर प्रत्येक वजन हजारांत असतं आणि 3 ही मर्यादा अर्थहीन ठरते. हे माझ्याकडून एकदा झालंय, दुपार गेली शोधण्यात.

आजच्या सर्व्हेचं मी काय करेन? छाटणार नाही. निकालाशेजारी n_eff 559 आणि कमाल वजन 4.45 छापेन. आणि पुढच्या वेळी फोनचे पैसे शहरात कमी, ग्रामीण भागात जास्त घालवेन, कारण 290 च्या जागी 450 ग्रामीण लोक मिळाले तर ही वजनं आपोआप खाली येतात.