जर ताणायची किती, टोक उतरवायचं केव्हा

(भरतकाम करणाऱ्यांच्या एका मेळाव्यातलं व्याख्यान, बोलण्यातली पुनरुक्ती काढून संपादित.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय ‘जरीची टोकं मागे कशी उतरवावीत’ असा छापलाय. त्यावर मी बोलणार आहेच. पण टोकापर्यंत पोचण्याआधी जर कापडावर नीट बसलेली असावी लागते, म्हणून सुरुवात तिथून.

तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी सलमा आणि दबका हाताळलाय. तो स्प्रिंगसारखा पोकळ असतो. हवा तेवढा तुकडा कापायचा, मण्यासारखा सुईत ओवायचा आणि टाका घालायचा. त्यात टोकाचा प्रश्नच येत नाही. मी बोलतेय ती जर वेगळी. आपल्या कलाबतूसारखी, म्हणजे आत दोऱ्याचा गाभा आणि त्यावर धातूची किंवा सोनेरी मुलामा दिलेल्या कागदाची पट्टी गुंडाळलेली. कागदाची असते ती जपानी जर. ही नेढ्यात ओवून कापडातून आरपार शिवायला गेलात तर चार टाक्यांत पट्टी सोलली जाते आणि आतला पिवळा दोरा दिसायला लागतो. म्हणून ती कापडावर जोडीजोडीने मांडायची आणि वरून बारीक रेशमी दोऱ्याने आडवे टाके घालून धरून ठेवायची. इंग्रजीत याला कौचिंग म्हणतात, आपण टाचणं म्हणू.

आता माझ्या सूर्याची गोष्ट. मी इंग्लंडमध्ये ही कला शिकत होते तेव्हा निळ्या रेशमावर सहा सेंटिमीटर व्यासाचा एक सूर्य करायला घेतला. जोडी मध्यापासून गोल गोल फिरवत बाहेर न्यायची. माझी जर अशी होती की जोडीची रुंदी साधारण एक मिलिमीटर भरायची, म्हणजे तीस फेरे. मनात एकच भीती होती, जर सैल पडू नये. म्हणून प्रत्येक फेऱ्याला डाव्या हाताने जर सतारीच्या तारेसारखी ओढून धरली. चौकटीवर असताना सूर्य सुरेख दिसत होता. एकही रेष वाकडी नाही. वर्गातल्या सगळ्याजणी बघून गेल्या. मग चौकटीच्या दोऱ्या सोडल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या सूर्याची वाटी झाली. कडा वर, मध्य खाली. मी तो तळहाताने दाबला, की तो सपाट होई. हात काढला, की पुन्हा वाटी.

शिकवणाऱ्या बाईंनी पुढची बाजू पाहिलीच नाही. त्यांनी काम उलटं केलं, मागच्या मांजरपाटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “फेरे आखडलेत.” मला एकदम आईचा क्रोशाचा रुमाल आठवला. गोल रुमाल विणताना फेऱ्यात टाके कमी पडले की रुमालाची टोपी होते, जास्त झाले की झालर येते. इथेही तेच झालं होतं. ताणून धरलेली जर ताण सुटल्यावर थोडी मागे येऊ पाहते. तीस फेऱ्यांतला प्रत्येक फेरा केसभर आखडला की कापडाला सपाट राहायला जागाच उरत नाही.

मग जर किती ताणायची? माझं उत्तर असं, की जर सरळ पडावी एवढीच. बोटातून सुटणारी जर कापडाच्या जवळ, जवळजवळ आडवी धरा. झोळ पडला नाही की पुरे. जपानी कारागीर कोमा नावाच्या लाकडी रिळांवर जर गुंडाळतात आणि ती रिळं कापडावर ठेवतात. रिळाचं वजनच ताण ठरवतं, त्यामुळे हात थकला म्हणून ताण बदलत नाही. कोमा नसेल तर फेल्टची छोटी गुंडाळी करून तिच्यावर जर गुंडाळा. फक्त एक लक्षात ठेवा. जर फिरवताना तिचा पीळ उलगडला तर पट्टीच्या फटीतून गाभा डोकावतो. तसं दिसलं की चिमटीत जर पिळाच्या दिशेने हलकेच फिरवा, फट मिटते.

ताण जरीचा आणि टाक्याचा, असा दोन्हींचा असतो, आणि लोक पहिल्याची चूक दुसऱ्याने सुधारायला जातात. टाचणारा दोरा मेणाच्या वडीवरून ओढून घ्या. टाका जोडीवर काटकोनात टेकला की थांबा. त्याहून ओढलात तर जरीला कंबर येते आणि तिरप्या उजेडात सगळी रांग खाचाखाचांची दिसते. टाक्यांत तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवा. सुई बाहेरच्या मोकळ्या बाजूने वर काढा आणि आधीच्या फेऱ्याकडे तिरकी खाली घाला, म्हणजे जोडी शेजारणीला चिकटून बसते. गोलात आणखी एक हिशेब असतो. त्रिज्या एक मिलिमीटरने वाढली की परीघ सव्वासहा मिलिमीटरने वाढतो. म्हणजे दर फेऱ्याला साधारण दोन टाके जास्त लागतात. मी ते वाढवले नव्हते. बाहेरच्या फेऱ्यांत टाक्यांमधलं अंतर वाढत गेलं आणि ते झाकायला मी जर आणखीच ओढत राहिले.

इथे जरा विषय सोडून सांगते, कारण मला ते फार आवडतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सायन कोप नावाचा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा धर्मगुरूचा झगा आहे. त्यात वेगळी रीत आहे. टाचणारा दोरा खालून ओढून प्रत्येक टाक्याला जरीचा अगदी छोटा फास कापडाच्या मागे नेलेला. पुढून दोरा दिसतच नाही. आणि प्रत्येक फास बिजागरीसारखा वाकतो, म्हणून एवढ्या जरीकामाचा झगाही अंगावर घडी घेऊन पडतो. म्हणजे तिथे जर टोकालाच नव्हे, टाक्याटाक्याला मागे उतरते.

घंटा वाजली, दहाच मिनिटं उरली. टोकांकडे येते.

टोक लगेच उतरवू नका. दोन-अडीच सेंटिमीटर शेपूट ठेवून बाजूला वळवा आणि तो आकार पूर्ण होऊ द्या. आधीच उतरवलेली शेपटं मागे गोळा होतात आणि पुढचे टाके घालताना सुई त्यांत अडकते. शेवटचा टाका टोकाच्या अगदी जवळ घाला. जोडीतल्या दोन्ही जरी एका भोकातून ओढू नका. एक टोकाच्या बिंदूवर, दुसरी किंचित मागे, म्हणजे टोक निमुळतं होतं. एकाच भोकातून नेल्यात तर तिथे बोथट गाठ दिसते.

उतरवायला मोठ्या नेढ्याची जाड सुई चालते. अठरा नंबरची शेनिल सुई मी वापरते. तिचं भोक जरीपेक्षा रुंद हवं, नाहीतर कापड पट्टी खरवडून काढतं. दुसरी रीत फासाची. मजबूत दोऱ्याची दोन्ही टोकं एकाच सुईत ओवायची, म्हणजे मागे फास राहतो. सुई खाली घातल्यावर फास वर उरतो. त्यात शेपूट अडकवायचं आणि एका झटक्यात खाली ओढायचं. हळूहळू ओढलंत तर पट्टी सोलते. जोर जास्त झाला तर पुढचा शेवटचा टाका कापडात रुततो. टोकाशी खळगा दिसला की समजा, जास्त ओढलंय. मग मागून जर थोडी सैल करा.

मग चौकट उलटी करा. शेपूट आपल्याच रांगेखाली मागे वळवा, मोकळ्या कापडाकडे नको, कारण तिथे ते पुढून उंचवट्यासारखं उठून दिसतं. अस्तराच्या मांजरपाटातून आणि मागच्या टाक्यांतून तीन-चार वेढे घालून सेंटिमीटरभर शिवा आणि उरलेलं कापा. गाठ मारू नका. सुई रेशमापर्यंत जाऊ देऊ नका.

बादल्याच्या, म्हणजे चपट्या पट्टीच्या, टोकाला हे काही करायचं नाही. ती टोकाला दुमडायची आणि घडीवर टाका घालायचा.

टेबलावर चौकट ठेवलीय. नव्या सूर्याचे सोळा फेरे झालेत आणि मधली दोन शेपटं मी मुद्दाम उतरवलेली नाहीत. फासाची सुई बाजूला आहे. ज्यांना करून बघायचंय त्यांनी आधी चौकटीच्या एका बाजूच्या दोऱ्या थोड्या सैल करा आणि कडा वर येते का ते बघा. मग पुन्हा ताणा आणि टोकाला हात घाला.