शटर अर्ध्यावर

पुण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेची ही तालीम. प्रहसन जुनंच, फक्त पुन्हा टाइप करून आणलंय. पहिल्या पानावर दुकानदार, आणि त्याचं पहिलंच वाक्य : 'दुकान 1 ते 4 बंद असतं.' एकेकाळी एवढ्यावर हशा पिकायचा.

बघा, नट थांबलाय. हशासाठी जागा सोडलीय त्याने. समोर बसलेली कॉलेजची मुलं नुसती बघतायत.

विनोद त्या वाक्यात कधी नव्हताच. तो प्रेक्षकांच्या डोक्यात आधीपासून होता : पुणेकर म्हणजे तुसडा, दुकानदार म्हणजे गिऱ्हाइकावर उपकार करणारा. लेखकाने नुसतं बोट दाखवलं की काम भागायचं. 2017 मध्ये चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि त्याची बातमी झाली. आता तर सामान मोबाइलवरून घरपोच येतं. भरदुपारी बंद दारावरून जो कधी परतलाच नाही, त्याच्यासाठी या वाक्यात उरतो फक्त एक उद्धट माणूस.

दिग्दर्शिकेने कसोटी लावली ती साधी : गाव बदलायचं. दुकान लातूरला नेलं, दुकानदाराचं आडनाव काढून टाकलं आणि सगळं पुन्हा वाचलं. मुलं हसली ती एकाच ठिकाणी, शटर अर्ध्यावर अडकतं तिथे. तिने तेवढंच ठेवलं आणि बाकीचं नव्याने लिहायला घेतलं.

इथून पुढे नीट पाहा. एक वाजायला दोन मिनिटं. दुकानदाराला मुलीला शाळेतून आणायचंय, गिऱ्हाइकाला गाडी गाठायचीय. दोघेही घाईत, आणि दोघेही कमालीचे नम्र. यूपीआयने पैसे खात्यातून गेलेत, पण गल्ल्यावरचा स्पीकर गप्प.

'तुम्ही निघा हो, येतील पैसे.'

'छे छे, असं कसं? थांबतो ना.'

शटर अर्ध्यावर, दोघेही कमरेत वाकलेले. बाहेरून तिसराच कुणी विचारतो, 'चालू आहे का?' आणि गिऱ्हाईकच आतून ओरडतं, 'बंद आहे!' शेवटी दोघे बाहेर पडतात, हिसडे देऊन शटर खाली आणतात, कुलूप लागतं. तेव्हा आतून आवाज : 'एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले.'

सुरुवातीच्या तालमींत दुकानदार चिडायचा. चिडला की तो पुन्हा तोच जुना पुणेकर व्हायचा आणि प्रसंग बाजूला पडायचा. म्हणून त्याला शेवटपर्यंत गोडच बोलायला लावलंय. जितका तो गोड, तितकी अडचण वाढते.

हा स्पीकरही उद्या जुना होईल, मान्य. तेव्हा तो बदलता येईल. अडकलेल्या दोघांना हात लावावा लागणार नाही.

या काटछाटीत नागपूरच्या आळशी पाहुण्याचं पात्र गेलं. ते करणारा अकोल्याचा नट आता दुकानदार झालाय. बोलतो आपल्याच बोलीत, आणि संहितेत त्या बोलीवर एकही विनोद नाही.