दाराच्या मुठीपासून खुर्चीपर्यंत

(तंत्रनिकेतनाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, मुलाखतीची तयारी म्हटलं की तुम्ही विषयांची उजळणी करता, प्रोजेक्टची माहिती डोक्यात पक्की करता, ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर घोकता. आज मी त्याच्या आधीचं बोलणार आहे. दाराच्या मुठीला हात लागतो तिथपासून तुम्ही खुर्चीत बसता तिथपर्यंत साधारण अर्धं मिनिट जातं. चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांसाठी नवी मुलं-मुली निवडताना मी टेबलाच्या पलीकडे बसत आलो आहे, आणि हुशार उमेदवार याच अर्ध्या मिनिटात गोंधळलेले मी पाहिले आहेत. गोंधळाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पुढाकार कुणी घ्यायचा हे त्यांना ठरवता येत नाही. माझं सांगणं थोडक्यात असं, की शब्दांचा पुढाकार तुमचा आणि हाताचा पुढाकार त्यांचा.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. फलटणकडचा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला मुलगा, क्वालिटी विभागातल्या जागेसाठी आला आहे. आत तिघं आहेत. मधोमध प्लांट हेड, त्यांच्या उजवीकडे क्वालिटीच्या प्रमुख मॅडम, डावीकडे एचआरचे अधिकारी. आधीचा उमेदवार नुकताच बाहेर पडलाय, म्हणून प्लांट हेड मान खाली घालून त्याच्याच कागदावर काही लिहितायत. आपला मुलगा दारावर टकटक करतो, दार ढकलतो, ‘मे आय कम इन सर?’ म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता आत येतो. मग दार लावायला वळतो, आणि वळलेला असतानाच ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणून टाकतो. ते दाराला ऐकू गेलं, टेबलापर्यंत पोचलंच नाही. त्याला वाटतं अभिवादन झालं. तिघांना वाटतं हा काही बोललाच नाही. मग तो भराभर पुढे येतो आणि रुंद टेबलावरून ओणवा होऊन प्लांट हेडकडे हात पुढे करतो. त्यांच्या हातात पेन आहे. ते पेन खाली ठेवेपर्यंत हात तसाच हवेत राहतो, आणि त्याच्या काखेतली फाईल घसरते.

यातली प्रत्येक चूक दुरुस्त होण्यासारखी आहे, आणि ती दुरुस्ती क्रमाची आहे. टकटक केल्यावर आतून ‘या’ ऐकू येईपर्यंत थांबा. आत आल्यावर मूठ हातात धरूनच दार लावा, ते पूर्ण लागू द्या, मग वळा. दोन पावलं पुढे या आणि थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण चालता चालता केलेलं अभिवादन नेहमी घाईचं वाटतं. आता समोर बघा. तिघांपैकी कुणी ना कुणी मान वर केलेली असतेच. या प्रसंगात ती क्वालिटीच्या मॅडमनी केली आहे. मग पहिलं ‘नमस्कार मॅडम’ त्यांना, आणि तोवर आवाज ऐकून प्लांट हेड वर बघतात, तेव्हा ‘नमस्कार सर’ त्यांना, आणि नजर तशीच पुढे तिसऱ्यांकडे नेऊन मान किंचित झुकवायची. तिघांना तीन वेगळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची गरज नाही. हजेरी घेतल्यासारखं वाटतं.

‘नमस्कार’ की ‘गुड मॉर्निंग’, हा प्रश्न मुलं मला हमखास विचारतात. मुलाखत इंग्रजीत होणार हे माहीत असेल तर ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, पण दुपारी बारा वाजून गेलेत का हे आत शिरण्याआधी घड्याळात पाहून घ्या. सकाळी नऊला बोलावलेल्या उमेदवाराचा नंबर अनेकदा दोन वाजता लागतो, आणि सकाळपासून मनात घोळवलेलं ‘गुड मॉर्निंग’ दोन वाजताही तोंडातून निघतं. ‘नमस्कार’ला घड्याळ लागत नाही. महाराष्ट्रातल्या कारखान्यात, मराठी माणसांसमोर ते पूर्ण अभिवादन आहे, आणि त्यानंतर हस्तांदोलन झालंच पाहिजे असं काही नाही. हात जोडणार असाल तर फाईल आधी डाव्या काखेत घट्ट धरा किंवा पिशवी खांद्याला असू द्या. एका हातात फाईल धरून अर्धवट जोडलेले हात बरे दिसत नाहीत. त्याऐवजी मान झुकवून नुसतं तोंडानं म्हणा.

अभिवादनानंतर लगेच नाव, गाव, कॉलेज सांगायला सुरुवात करू नका. त्यांच्यासमोर तुमचा अर्ज आहे. ते ‘या, बसा’ म्हणतील. तुम्ही ‘थँक यू सर’ म्हणा आणि बसा. कुणीच काही म्हटलं नाही तर क्षणभर थांबून ‘बसू का, सर?’ विचारा. मुलाखत इंग्रजीत असेल तर इंग्रजीत विचारा.

आता नजर. इथे आपल्या मुलांची खरी अडचण असते, आणि ती समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आदर मानतात. आजोबा रागावत असताना त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं तर ते उद्धटपणाचं ठरतं. त्यामुळे मुलाखतीत खाली गेलेली नजर अनेकदा भीतीची नसते, ती संस्काराची असते. पण पलीकडे बसलेल्याला ते कळायला मार्ग नसतो. क्वालिटीच्या जागेसाठी तर तो लगेच विचार करतो, की लाईनवर चुकीचा माल सापडल्यावर हा सुपरवायझरला तोंडावर सांगू शकेल का?

मग किती वेळ बघायचं? लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या जवळजवळ 500 लोकांवर केलेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरचा माणूस आपल्याकडे बघतोय, तर किती वेळ बघितलेलं बरं वाटतं, असं त्यांना विचारलं होतं. सरासरी आली सुमारे 3.3 सेकंद. तो अभ्यास मुलाखतीवर नव्हता, भारतातला तर नव्हताच, तरी अंदाजाला उपयोगी आहे. ‘नमस्कार मॅडम’ म्हणायला एक सेकंदही पुरतो. म्हणजे तेवढे दोन शब्द पूर्ण होईपर्यंत त्यांच्याकडे बघितलंत आणि मग नजर पुढच्या व्यक्तीकडे नेलीत, तर कुणालाही तुम्ही रोखून बघताय असं वाटणार नाही. शब्द संपण्याआधी नजर खाली टाकू नका, एवढंच सांभाळा. थेट डोळ्यांत बघणं जमतच नसेल तर दोन भुवयांच्या मधे बघा. टेबलाच्या अंतरावरून समोरच्याला फरक कळत नाही.

आणि हात. मी म्हटलं की हाताचा पुढाकार त्यांचा. आपल्याकडे मुलाखत घेणारा वयानं आणि पदानं मोठा असतो, त्यानं हात पुढे केला तर घ्यायचा. समोर मॅडम असतील आणि तुम्ही मुलगा असाल तर हे आणखी कटाक्षानं पाळा. मुलींनीही तसंच. समोरच्या सरांनी हात पुढे केला आणि तुमची तयारी नसेल तर हसून हात जोडा, ‘नमस्कार सर’ म्हणा. त्यात काही चुकत नाही. सरकारी मंडळांसमोर तर हात पुढे करायची पद्धतच नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या व्यक्तिमत्त्व चाचणीला जाणारे उमेदवार अध्यक्षांना आणि सदस्यांना तोंडी अभिवादन करतात आणि सांगितल्यावर बसतात. उलट परदेशी भागीदार असलेल्या कंपनीत समोरचा माणूस उठून, टेबलाला वळसा घालून हात पुढे करतो. तो उठला की तुम्हीही उभेच राहा.

हात घ्यायची पद्धत नीट सांगतो, कारण ती कुणी शिकवत नाही. अंगठा वर, तळहात उभा. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जी बेचकी आहे, ती त्यांच्या बेचकीला भिडेपर्यंत हात आत जाऊ द्या, मगच बोटं मिटा. बहुतेक मुलं बेचकी भिडण्याआधीच बोटं मिटतात आणि समोरच्याच्या हातात नुसती बोटांची टोकं राहतात. दाब त्यांच्या दाबाइतका. कोपरापासून दोनदा हलकं हलवायचं आणि सोडायचं. त्यांनी सैल केलं की तुम्हीही सैल करा. दुसरा हात वरून लावू नका. आपल्याकडे तो आपुलकीचा असतो, पण पहिल्या भेटीत जवळीक दाखवल्यासारखं होतं.

घामाची काळजी सगळ्यांना असते, तर तिच्याबद्दल एक दिलासा देण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात 112 विद्यार्थ्यांच्या हस्तांदोलनाचा अभ्यास झाला, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या चौघांनी त्यांच्याशी हात मिळवून आठ गोष्टींची नोंद केली. त्यातल्या पाच एकमेकींबरोबर जाताना दिसल्या: पकडीचा जोर, हलवण्यातला उत्साह, कालावधी, हात पूर्ण आत गेला की नाही आणि नजर. या पाचही गोष्टी जिथे चांगल्या होत्या तिथे पहिली छाप चांगली पडली. हाताचं तापमान, कोरडेपणा आणि त्वचेचा मऊपणा या तिन्ही या गटात आल्या नाहीत. शेतात, वर्कशॉपमध्ये काम करून हात खरखरीत झालेत म्हणून तुमच्यापैकी कुणी हात मागे घेत असेल, तर घेऊ नका. घाम पुसायला रुमाल उजव्या खिशात ठेवा, आत जाण्याआधी पुसा. आणि बाहेर बसलेले असताना थंड पाण्याची बाटली डाव्या हातात धरा, म्हणजे उजवा हात गार आणि ओला होणार नाही.

या अभ्यासातला आणखी एक भाग मुलींनी ऐकण्यासारखा आहे. पुरुषांच्या तुलनेत बायकांची पकड सरासरीनं सैल आढळली, पण ज्या बायकांची पकड भक्कम होती त्यांच्याबद्दल मत चांगलंच झालं, आक्रमक म्हणून त्यांना दोष दिला गेला नाही. तेव्हा मुलीनं हात द्यायचं ठरवलं, तर पूर्ण द्यावा.

हाताला दुखापत असेल, पट्टी असेल, किंवा श्रद्धेमुळे हात मिळवत नसाल, तर लपवाछपवी नको. उजवा हात छातीशी ठेवा आणि एका वाक्यात सांगा, ‘सर, माफ करा, हाताला लागलंय.’ समोरचे लगेच समजून घेतात. गडबड होते ती काहीच न बोलता हात मागे ओढल्यामुळे.

व्हिडिओवरच्या मुलाखतीबद्दल थोडंसं. तिथे अभिवादन करताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघा, निदान त्या दोन शब्दांपुरतं. मोबाईल असेल तर तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून भिंग डोळ्यांच्या रेषेत आणा. आणि सगळे जोडले गेले की आधी ‘आवाज येतोय का सर?’ विचारा, मग नमस्कार करा. माईक बंद असताना केलेला नमस्कार दाराकडे तोंड करून केलेल्या नमस्कारासारखाच वाया जातो.

मुलाखत घेणारे काही मित्र आज मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती. दार वाजलं की पेन खाली ठेवा आणि वर बघा. आधीच्या उमेदवाराचे गुण लिहायला लागतात तेवढी दोन मिनिटं पुढच्याला बाहेर बसवून ठेवलं तरी चालेल. उमेदवार आत आला असताना तिघांची डोकी कागदात असली, तर त्याच्या डळमळीत ‘गुड मॉर्निंग’वरून त्याच्याबद्दल मत बनवायचा आपल्याला अधिकार नाही. आणि हात पुढे करायचा असेल तर सगळ्या उमेदवारांशी करा, नाहीतर कुणाशीच नको, कारण बाहेर आल्यावर ते एकमेकांना विचारतात, ‘तुला हात दिला का?’

आता उठून जोड्या करा. एकानं त्या कोपऱ्यातल्या दारातून आत यायचं, दुसऱ्यानं टेबलाशी बसायचं आणि मुद्दाम मान खाली घालून लिहीत राहायचं. दार आधी लागलं की आवाज आधी आला, तेवढंच बघा. ते जमलं की अदलाबदल करा.