साठचं आठ

(कानाच्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांच्या एका मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

बसा, बसा. मागे खुर्च्या कमी आहेत, पण पुढची रांग नेहमीप्रमाणे रिकामी आहे. आपल्या पेशंटांचं बरं असतं, ते निदान पुढे येऊन बसतात. (हशा)

मला विषय दिलाय ‘ज्येष्ठांसाठी दवाखान्याचं पत्रक कसं लिहावं’. त्याकडे येतेच. पण आधी मी स्वतः लिहिलेल्या पहिल्या पत्रकाची फजिती सांगते.

दवाखाना सुरू केला तेव्हा मोठ्या हौसेने छापलं होतं. वर ठळक अक्षरात, ‘आपल्याला ऐकू कमी येतं का? लाजू नका!’ खाली कानाला हात लावून हसणारे एक आजोबा. ते आजोबा सगळ्यांच्या पत्रकांवर असतात. एकच माणूस आहे की काय कोण जाणे. (हशा)

पहिल्याच महिन्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आले. आले म्हणजे सुनेने आणले. बाहेर बसून त्यांनी पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं, व्यवस्थित चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या टीपॉयच्या पायाखाली सरकवलं. टीपॉय हलायचा थांबला, हे मान्य करायला हवं.

आत आल्यावर म्हणाले, “मॅडम, त्यात माझं काही नाही. मला ऐकू येतं. घरातलेच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.” सून माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती. मीही मनातल्या मनात तिच्याच बाजूने होते.

मग तपासणी केली. 250 आणि 500 हर्ट्झला 25 डेसिबल, 1000 ला 30. म्हणजे जाड आवाजांचं फारसं काही बिघडलेलं नाही. 2000 ला 50, 4000 ला 65, 8000 ला 75. म्हणजे आवाज जितका वरच्या पट्टीतला, तितका तो मोठा करावा लागतो. तुम्ही रोज बघता तीच घसरगुंडी. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा विचार केला की या माणसाला घरबसल्या नेमकं काय ऐकू येत असेल?

बोलण्यातला मोठेपणा असतो स्वरांत. ‘आ’, ‘ओ’ हे खालच्या पट्टीत, दमदार. शब्दाला शब्दपण देतात ती व्यंजनं, आणि त्यातलं ‘स’ तर बहुतेक 4000 च्या वरच सळसळतं, तेही हलकं. कंडक्टरसाहेबांना सून बोलतेय हे ऐकू येत होतं, तिचा आवाजही पुरेसा मोठा लागत होता. फक्त शब्दांच्या कडा झिजलेल्या. अशा माणसाला ‘ऐकू येतं का?’ विचारलंत तर तो ‘येतं’ म्हणणार. लाजून नाही, खरं म्हणून. आणि आवाज येतो पण शब्द लागत नाही, तर दोष बोलणाऱ्याचाच वाटणार ना? पुटपुटणाऱ्या माणसाचं बोलणं आपल्यालाही असंच लागतं.

त्यात सून वैतागून ओरडली की तेच म्हणणार, “ओरडू नकोस, मी काय बहिरा आहे?” हळू आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम बोचतो. मधली जागाच चिंचोळी झालेली असते. हे आपल्याला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय. पत्रकात का लिहीत नाही?

तर मी त्यांना कागदावर आलेख दाखवला आणि म्हटलं, “काका, तुमचे स्वर शाबूत आहेत, वरची अक्षरं गळतायत. ‘साठ’ मधला ‘स’ गळला तर काय उरतं?” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आठ.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते सुनेलाही माहीत नव्हतं. मंडईत भेंडीचा भाव विचारला होता. बाई म्हणाली साठ रुपये अर्धा किलो. यांना आठ ऐकू आलं. आता तुम्ही म्हणाल, आठ रुपयांत भेंडी मिळते का? त्यांनाही ते वाटलंच होतं. पण आकडा येणार हे ठाऊक असलं की मेंदू अर्धवट आवाजातून ओळखीचा आकडा जुळवतो, आणि मागे गलका. त्यांनी दहाची नोट दिली आणि दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभे राहिले. चौतीस वर्षं सुट्ट्या पैशांचा हिशेब ठेवलेला माणूस! बाई हसली, शेजारचा कांदेवाला हसला. त्या दिवसापासून मंडई बंद. घरी कारण काय सांगितलं? भेंडी आवडेनाशी झाली. (हशा) हसू नका, सून तेव्हा रडायच्या बेतात होती.

मला चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? पाच. बरं, मग पत्रकाचं पटापट सांगते.

पहिलं म्हणजे ‘ऐकू कमी येतं का?’ हा प्रश्नच काढून टाका. प्रसंग लिहा. ‘आवाज येतो, पण शब्द लागत नाही? नातवंडांचं बोलणं कळत नाही, पण मुलाचं कळतं? थर्मामीटरची पीप पीप दुसऱ्यांनाच ऐकू येते?’ याला ‘हो’ म्हणताना काही कबूल केल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, ‘अदृश्य मशीन, कोणाला कळणारही नाही’ हे वाक्य. आपणच सांगतोय की ही लपवायची गोष्ट आहे, आणि मग वर म्हणतोय लाजू नका. शिवाय कानाच्या आत बसणाऱ्या बारीक मशीनची बॅटरी लहान, मळाने तोंड बुजतं आणि श्रवण फार कमी असलं तर ते पुरत नाही. पहिला प्रश्न ‘दिसतं का?’ असा पेशंटला आपणच शिकवतो.

तिसरं, स्मृतिभ्रंशाची भीती घालू नका. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सगळ्या सहभागींचा एकत्र विचार केला तर मशीन लावल्याने तीन वर्षांत बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात दिसला. हे एका ओळीच्या मथळ्यात मावत नाही, मग घालू नका. ‘पहिल्यासारखं ऐकू येईल’ हेही नको. कानातल्या मेलेल्या पेशी उगवत नाहीत.

उलट पहिल्या दिवसांचा त्रास छापा. स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटेल, पंखा, नळ, वर्तमानपत्राची पानं यांचा कलकलाट होईल, मशीन जुळवायला दोन-तीनदा यावं लागेल. हे आधी वाचलेला माणूस चौथ्या दिवशी मशीन कपाटात टाकत नाही, आपल्याकडे येतो.

आणि हात जोडून एक. खाली लिहिता, ‘अधिक माहितीसाठी फोन करा.’ अहो, ज्याला फोनवरचं बोलणं कळत नाही त्याला! (हशा) व्हॉट्सअॅपचा नंबर द्या, भेटीची वेळ आणि बसस्टॉपचं नाव मोठ्या टाइपात छापा.

शेवटची चिठ्ठी आली. पुढे काय झालं एवढं सांगून बसते. नवं पत्रक छापायच्या आधी कंडक्टरकाकांना दाखवलं. मथळा होता, ‘भेंडी साठ रुपये, ऐकू आलं आठ?’ दोन्ही कानांत मशीन लावून त्यांनी ते वाचलं. म्हणाले, “साठ-आठ राहू दे. भेंडी काढा. मंडईतली बाई वाचेल.”

आम्ही गवार छापली.